शेवटी राहिलेले क्रियापद

आठवीत असताना धाकट्या काकांच्या लग्नासाठी मी दिलेला रजेचा अर्ज इंग्रजीच्या सरांनी मलाच मोठ्याने वाचायला लावला. ‘ॲज टु अटेंड माय अंकल्स मॅरेज वी आर गोइंग टु वर्धा, देअरफोर टू डेज लीव्ह टु मी मे बी ग्रँटेड.’ वर्ग हसला नाही, कारण बहुतेकांनी तसेच लिहिले असते. सरांनी एवढेच विचारले, “तू काय मागतोस, ते कितव्या शब्दाला कळले?” मोजले तेव्हा ‘लीव्ह’ पंधरावा आणि ‘ग्रँटेड’ विसावा, म्हणजे अगदी शेवटचा शब्द निघाला.

मनातले मराठी वाक्य निर्दोष होते : ‘काकांच्या लग्नासाठी आम्हाला वर्ध्याला जायचे असल्यामुळे मला दोन दिवसांची रजा मिळावी.’ कारण आधी आणि मागणी शेवटी, ही आपली रीतच आहे. सरांनी ‘ग्रँट’ ओढून पुढे आणला : ‘प्लीज ग्रँट मी टू डेज लीव्ह टु अटेंड माय अंकल्स वेडिंग ॲट वर्धा.’ शब्द तेराच उरले आणि ‘देअरफोर’ आपोआप गळाला. इंग्रजीत ‘ॲज’ असताना तो नकोच असतो, तो आपल्या ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’च्या जोडीतून आलेला.

‘आय मँगो ईट’ असे मात्र आमच्यापैकी कोणी लिहीत नव्हते. छोट्या वाक्यात क्रियापद लवकर जागेवर बसते. खोड राहते ती लांब वाक्यात. पुढे कचेरीत मसुदे लिहिताना माझ्याही पत्रांत चार ओळींनंतर ‘मे बी सँक्शन्ड’ उगवत असे.

मराठीला हा उशीर परवडतो, कारण ‘वाघाने बैल मारला’ आणि ‘बैल वाघाने मारला’ यांत ‘ने’ प्रत्यय मारणारा कोण ते सांगतो. इंग्रजी नामाला असा प्रत्यय नाही. तिथे ‘टायगर’ आणि ‘बुल’ यांची अदलाबदल केली, तर बैलच वाघाला मारतो. कर्ता कोण हे तिथे जागेवरून ठरते, म्हणून कर्त्यापासून फार लांब गेलेले क्रियापद वाचणाऱ्याला दमवते.

बोलताना घोटाळा वेगळाच होतो. ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो, ते मला ठाऊक नाही’ यांत मराठीचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत थेट प्रश्नात ‘डज’ कर्त्याआधी येतो आणि प्रश्न दुसऱ्या वाक्यात शिरला की तो निघून जातो. आम्ही नेमके उलटे करत असू : ‘व्हेअर ही लिव्ह्ज?’ आणि ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह.’

एकदा सर उशिरा आले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी धीटपणे विचारले, “सर, व्हाय यू आर लेट?” सरांनी छत्री खुर्चीला अडकवली, फळ्यावर ‘आर’ला उचलून ‘यू’च्या आधी बसवले आणि मग सांगितले की, सीताबर्डीच्या चढावर सायकलची चेन उतरली होती.