आमची वाटचाल: "कधी कधी नोट गायब होते" या एका तिकिटाने आम्हाला काय शिकवलं

आमची कंपनी सुरू झाली तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा पार्टनर, आणि सपोर्ट म्हणजे माझाच फोन. आमचं ॲप दुरुस्ती-मेंटेनन्स करणाऱ्या छोट्या टीमसाठी आहे, ऑफिसातून काम लावायचं आणि बाहेर गेलेल्या माणसाने मोबाईलवर नोट लिहायची, इतकंच. गिऱ्हाईक कमी होते तोपर्यंत फोनवर बोलून काम भागायचं, मग गिऱ्हाईक वाढले, तिकीट सिस्टीम आली, आणि तिसऱ्या वर्षी एक तिकीट आलं ज्यात एकच वाक्य होतं: "आमच्या लोकांनी लिहिलेल्या नोट्स कधी कधी गायब होतात, प्लीज बघा."

आमच्या मुलाने (सपोर्टला तेव्हा एकच जण होता) त्याच्या फोनवर दहा वेळा नोट लिहून बघितली, दहाही वेळा राहिली. त्याने उत्तर पाठवलं की आमच्याकडे नीट चालतंय, ॲप एकदा काढून परत टाका. आठवड्याने तेच तिकीट परत उघडलं. यावेळी खाली लिहिलं होतं की आमच्या माणसाला वाटतंय आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, तो म्हणतो मी लिहिलं होतं आणि स्क्रीनवर दिसतच नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण आमच्या ॲपमुळे कुणीतरी खोटा पडत होता. मग मी स्वतः बसले.

पहिलं काम केलं ते तिकीट टाकणाऱ्या बाईंना फोन. "नक्की काय होतं?" असं विचारलं की परत तेच उत्तर येतं, म्हणून विचारलं की शेवटचं कधी झालं, कुठल्या कामावर, कुणाच्या फोनवर. बाई म्हणाल्या परवा, सकाळी अकराच्या सुमारास, आणि कामाचा नंबर दिला. त्या एका नंबरने सगळं सोपं झालं. आमचे लॉग तेव्हा १४ दिवसच राहायचे, म्हणजे अजून थोडं थांबलो असतो तर तो पुरावाही गेला असता.

लॉग उघडले तर अकराच्या आसपास काहीच नाही. अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं की सर्व्हरचे लॉग UTC मध्ये आहेत आणि मी त्यांच्या घड्याळाची वेळ शोधतेय. वेळ बदलून बघितलं, तरी एरर एकही नाही. तेव्हा मी ERROR हा शब्द शोधायचं सोडलं आणि त्या कामाच्या नंबरने जे जे आलं ते सगळं एका खाली एक लावलं, आणि तिथे ही ओळ सापडली (वेळा त्यांच्या घड्याळाप्रमाणे बदलून लिहिल्यात):

```
received_at=11:05:12 updated_at=11:05:09
stored=11:09:20 result=skipped status=200
```

म्हणजे ११:०५ ला फोनवरून नोट आली, सर्व्हरने बघितलं की त्याच कामावर आधीच ११:०९ ची नोंद आहे, म्हणून हे जुनं समजून सोडून दिलं आणि वर 200 म्हणजे "मिळालं, ठीक आहे" असं कळवलं. फोनला वाटलं सेव्ह झालं. पुढच्या सिंकला सर्व्हरकडची प्रत खाली आली आणि त्या माणसाचं लिहिलेलं स्क्रीनवरून पुसलं गेलं. आमचा नियमच तसा होता, दोन ठिकाणी बदल झाले तर ज्याची वेळ नंतरची त्याचं ठेवायचं, आणि तेसुद्धा अख्ख्या कामाचं, एकेका रकान्याचं नाही.

पण ११:०५ वाजता ११:०९ ची नोंद आधीच कशी असेल? ती कुठून आली ते बघितलं, तर ऑफिसातल्या टॅबवरून, सर्व्हरवर पोचली ११:०२ ला. म्हणजे टॅबचं घड्याळ जवळपास ७ मिनिटं पुढे.

इथे व्हर्जनचा प्रश्न आला. त्यांनी सांगितलं होतं की आमच्याकडे सगळीकडे नवीनच ॲप आहे, आणि त्या मनापासून सांगत होत्या, पण लॉगमध्ये फोन 3.9 दाखवत होता आणि टॅब 3.8.2, ऑटो अपडेट बंद होतं. 3.9 मध्ये आम्ही सर्व्हरची वेळ विचारून फरक दुरुस्त करायला लागलो होतो, रिपोर्टात वेळा चुकतात अशी दुसरीच तक्रार होती म्हणून. नोट गायब होण्याशी त्याचा संबंध कुणीच जोडला नव्हता. तेव्हापासून व्हर्जन मी गिऱ्हाइकाला विचारते खरी, पण धरते ते लॉगमधलंच.

अंदाज बसला म्हणजे सिद्ध झालं असं नाही, म्हणून त्यांची परवानगी घेऊन अकाउंटची प्रत टेस्ट सर्व्हरवर आणली. हे करताना एक गोष्ट जपावी लागते: प्रत चालू करायच्या आधी बाहेर जाणारे ईमेल, मेसेज आणि दुसऱ्या सिस्टीमला जाणारे कॉल बंद करायचे आणि नाव-नंबर बदलायचे, नाहीतर टेस्ट करताना त्यांच्या खऱ्या गिऱ्हाइकांना "तुमचं काम पूर्ण झालं" असे मेसेज जातात. रिकामं नवीन अकाउंट वापरलं असतं तर कदाचित हे दिसलंच नसतं, कारण एका कामावर दोन जणांनी लिहायची सेटिंग त्यांनी मुद्दाम चालू केली होती, आमच्याकडे ती मुळात बंद असते. आमच्या मुलाच्या फोनवर दहाही वेळा नोट राहिली ती म्हणूनच, एकच फोन, एकच माणूस, बरोबर घड्याळ.

मग एक टॅब घेतला, त्यावर 3.8.2 टाकलं, घड्याळ ७ मिनिटं पुढे केलं. टॅबवरून कामाची वेळ बदलली, तीन मिनिटांनी फोनवरून नोट लिहिली, सिंक केलं, आणि माझ्या डोळ्यासमोर नोट गेली. तेच परत केलं पण नोट लिहायला ८ मिनिटं थांबले, तर राहिली. घड्याळ बरोबर केलं तर राहिली. घड्याळ पुढे ठेवून 3.9 टाकलं तरी राहिली. या शेवटच्या तिन्ही वेळा करून बघणं मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून कळतं की दोष नेमका घड्याळ आणि व्हर्जन एकत्र आल्यावरच दिसतो.

"कधी कधी" चा अर्थही तिथेच लागला. एरवी त्यांचा माणूस अर्ध्या-पाऊण तासाने नोट लिहायचा, काहीच बिघडायचं नाही. पण ऑफिसातून वेळ बदलून लगेच फोन केला की "अरे तेवढं लिहून टाक", तर तो त्या ७ मिनिटांत लिहायचा, आणि नेमकी तीच नोट जायची.

बाईंना टॅबच्या घड्याळाचं विचारलं तर म्हणाल्या, हो, ते मीच पुढे करून ठेवलंय, माणसं वेळेवर निघावीत म्हणून.

टॅब त्याच दिवशी अपडेट करून घेतला, आणि सर्व्हरवर जुन्या व्हर्जनने पाठवलेली वेळ मानणं बंद केलं. आता मागे पडलेला बदल फेकला जात नाही, बाजूला ठेवला जातो आणि दोघांनाही दिसतो. तिकीट भरताना ॲपचं व्हर्जन, अकाउंटच्या सेटिंग आणि फोनच्या व सर्व्हरच्या घड्याळातला फरक आपोआप जोडला जातो, गिऱ्हाइकाला फक्त कामाचा नंबर टाकायचा असतो.

गेलेल्या नोट्स मात्र परत आणता आल्या नाहीत, लॉगमध्ये मजकूर नव्हता. १४ दिवसांच्या लॉगमधून skipped लिहिलेल्या ९ नोंदी निघाल्या, त्यांची तारीख, वेळ, कामाचा नंबर आणि कुणाच्या फोनवरून आल्या ते लिहून मी यादी पाठवली, वर एवढंच लिहिलं की या सगळ्या नोट्स तुमच्या लोकांनी वेळेवर लिहिल्या होत्या, हरवल्या त्या आमच्याकडून. बाईंनी ती यादी त्या माणसाला दाखवली, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं.