चांदण्या कुठे लावाव्यात

ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला असलेल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना बहुधा गणपतीच्या दिवसांत निघते, कारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते आणि तिच्या आधी चौदा पूर्ण दिवस सूचना द्यावी लागते. २०२५ साली ती २८ ऑगस्टला फलकावर लागली. त्या दिवशी दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन असल्यामुळे फलकापुढे थांबून कोणी काही वाचेल, अशी आशा सचिवकाकांनाही नव्हती. संध्याकाळी ते घरी आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही छापखान्यात मुद्रितशोधन करत होता ना? मग हे एवढे आपल्या ग्रुपवर टाकण्याजोगे करून द्या. नुसती पीडीएफ टाकली तर कोणी उघडत नाही."

सूचना दीड पानांची होती आणि तिचे पहिले वाक्य सहा ओळींचे होते. "सर्व सन्माननीय सभासदांना या सूचनापत्राद्वारे कळविण्यात येते की" अशी सुरुवात करून ते संस्थेचे संपूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि आर्थिक वर्ष अशी वळणे घेत घेत शेवटी सभेच्या तारखेपाशी पोहोचत होते. कागदावर अशी वाक्ये खपून जातात, कारण कागदावर तारीख ठळक असते, मथळा मध्यभागी असतो आणि खाली सही-शिक्का असतो, म्हणजे डोळा वाक्य टाळूनही मजकूर वाचू शकतो. व्हॉट्सॲपमध्ये मथळा मध्यभागी घेता येत नाही, अक्षर लहानमोठे करता येत नाही, अधोरेखन नाही आणि तक्ताही नाही. २०१६ साली तेथे ठळक, तिरके आणि खोडलेले अक्षर आले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ठिपक्यांची यादी, आकड्यांची यादी, उद्धृत आणि ओळीतल्या ओळीत संगणकी अक्षर एवढ्यांची भर पडली. ठळक अक्षरासाठी शब्दांच्या दोन्ही टोकांना चांदणी, तिरक्यासाठी खालची आडवी रेघ, खोडण्यासाठी नागमोडी रेघ, उद्धृतासाठी ओळीच्या आरंभी `>` आणि एक मोकळी जागा, इतक्या भांडवलावर सगळा संसार करायचा असतो.

मुद्रितशोधनात शब्दाखाली सरळ रेघ ओढली की जुळारी तो तिरक्या टाइपात लावतो आणि नागमोडी रेघ ओढली की ठळक टाइपात. त्यामुळे आडवी रेघ म्हणजे तिरके, हे माझ्या हाताला लगेच पटले. नागमोडी रेघेने मात्र पहिल्याच दिवशी दगा दिला, कारण येथे तिचा अर्थ ठळक नसून खोडलेले असा आहे, आणि मी सवयीने सभेची तारीखच खोडून ठेवली होती. ते निदान पाठवण्यापूर्वी दिसले.

जे पाठवल्यानंतर दिसले, ते अधिक शिकवणारे होते. सूचनेतला तारीख, वेळ आणि स्थळ सांगणारा भाग मी पीडीएफमधून उचलला, त्याच्या आरंभी एक चांदणी लावली, शेवटी एक लावली आणि संदेश ग्रुपवर धाडला. अक्षर ठळक झालेच नाही. दोन्ही चांदण्या जशाच्या तशा तेथे उभ्या होत्या. पाचव्या मजल्यावरच्या काकांनी तत्परतेने विचारले, "हे स्टार कशाला? अटी लागू आहेत का?" कारण साधे होते. व्हॉट्सॲपमध्ये चांदणीचा अंमल त्या ओळीपुरताच असतो. आरंभीची चांदणी एका ओळीत आणि शेवटची दुसऱ्या ओळीत असेल, तर त्यांची जोडी जुळत नाही. मी तर मध्ये ओळ तोडलीही नव्हती. ती पीडीएफने तोडली होती, कारण तेथून मजकूर उचलला की छापील पानावरची प्रत्येक ओळ जेथे संपते तेथे खरीखुरी ओळ तुटून येते, आणि मोठ्या पडद्यावर ते सहज लक्षात येत नाही. तेव्हापासून असा मजकूर आणला की मी आधी सगळ्या तुटलेल्या ओळी जोडून घेते आणि मगच खुणांना हात लावते. परिच्छेद खरोखरच तीन ओळींचा ठेवायचा असेल, तर तिन्ही ओळींना स्वतंत्र जोड्या द्याव्या लागतात.

दुसरी चूक मात्र खास आपल्या भाषेची होती. व्हॉट्सॲपची चांदणी शब्दाच्या बाहेरच्या कडेला लागावी लागते. तिच्या आतल्या बाजूला मोकळी जागा चालत नाही आणि बाहेरच्या बाजूला लगेच दुसरे अक्षर आलेले चालत नाही. इंग्रजीत हे सहज जमते, कारण तेथे तारखेच्या आधीचे शब्दयोगी सुटे असतात. मराठीत तारखेला "ला" चिकटतो, सभेला "च्या" चिकटतो, आणि महत्त्वाचा शब्द नेमका सामान्यरूपात येऊन प्रत्यय घेऊन बसतो. मी लिहिले होते ते पहिल्या ओळीत आहे. लिहायला हवे होते ते दुसऱ्या ओळीत:

```
लेखी प्रश्न *७ सप्टेंबर*पर्यंत द्यावेत.
लेखी प्रश्न *७ सप्टेंबरपर्यंत* द्यावेत.
```

पहिल्या ओळीतली शेवटची चांदणी "प" या अक्षराला खेटून आहे, म्हणून ती खूण न राहता नुसती चांदणी राहते. प्रत्ययासकट सगळा शब्द आत घ्यायचा, हाच यावरचा उपाय आहे, आणि विचार केला तर व्याकरणाच्या दृष्टीनेही तेच बरोबर आहे, कारण सभासदाने लक्षात ठेवायचे ते "७ सप्टेंबर" नसून "७ सप्टेंबरपर्यंत" हेच आहे. आरंभीच्या चांदणीनंतर चुकून मोकळी जागा पडली, तर तिसरेच काही घडते. ओळीच्या सुरुवातीला चांदणी आणि मोकळी जागा ही ठिपक्याच्या यादीची खूण असल्यामुळे ओळीला ठिपका लागतो आणि शेवटची चांदणी पोरकी होऊन टोकाला लोंबत राहते. म्हणून याद्यांसाठी मी चांदणी कधीच वापरत नाही. आडवी लहान रेघ आणि मोकळी जागा वापरते. तीही स्वतः टंकलेली असावी लागते, कारण कार्यालयीन कागदातून उचलून आणलेली रेघ बरेचदा थोडी लांब जातीची असते आणि तिला यादीची खूण म्हणून कोणी ओळखत नाही.

तिरक्या अक्षराचा मोह मी सोडून दिला. देवनागरीत तिरका टाइप मुळातला नाही. फोन आहे तेच अक्षर कलते करून दाखवतो, त्यामुळे शिरोरेषा आडवी राहते आणि वेलांट्या-काने तेवढे वाऱ्याला लागल्यासारखे झुकतात. गणसंख्येबद्दलचे वाक्य मी आधी तिरके केले होते. ते आमच्या संस्थेतल्या ज्येष्ठांना वाचता येईना, म्हणून ते उद्धृतात हलवले. तेथे डाव्या बाजूला उभी रेघ येते, मजकूर थोडा आत सरकतो आणि अक्षराला धक्का लागत नाही.

खरा वेळ गेला तो कोणत्या शब्दांना चांदण्या द्यायच्या हे ठरवण्यात. पहिल्या खर्ड्यात मी अकरा ठिकाणी ठळक अक्षर वापरले होते आणि त्यामुळे पडदा भरून काळा दिसत होता. मग एकेक काढत गेले. संस्थेचे नाव काढले, कारण ग्रुपचे नावच ते आहे. "उपस्थित राहावे ही विनंती" काढले, कारण विनंती ठळक केली की ती तंबी वाटते. विषयांची भाषा मात्र हलक्या हाताने आटोपशीर केली. त्यांचा क्रम आणि संख्या यांना हात लावला नाही, कारण सभेत "विषय क्रमांक चार" असा उल्लेख होणार आणि तो फलकावर, पीडीएफमध्ये आणि फोनवर एकच असायला हवा. विषयांचे आकडे मी इंग्रजी ठेवले. देवनागरी आकड्यांना यादीची शिस्त मिळेलच या भरवशावर मी राहत नाही. आकडा, टिंब आणि मोकळी जागा हा क्रम पाळला की दुसऱ्या ओळीत गेलेला मजकूर आकड्याच्या खाली न येता मजकुराच्याच खाली सरळ येतो. शेवटी उरले ते असे:

```
*वार्षिक सर्वसाधारण सभा, २०२४-२५*
*रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी १०.३० वाजता*
तळमजल्यावरील सभागृहात

*सभेपुढील विषय*
1. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे
2. २०२४-२५ चे हिशेब मंजूर करणे
3. लेखापरीक्षकाची नेमणूक
4. गच्चीचे वॉटरप्रूफिंग व त्याचा खर्च
5. पाहुण्यांच्या वाहनांची व्यवस्था
6. ऐनवेळचे विषय

- लेखी प्रश्न *७ सप्टेंबरपर्यंत* द्यावेत.
- मूळ सूचना फलकावर व सोबतच्या पीडीएफमध्ये आहे.

> गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी ११.०० वाजता होईल.
```

पहिल्या दोन ओळींत सगळे येणे आवश्यक होते, कारण फोनच्या वरच्या पट्टीत तेवढेच दिसते आणि बहुतेक जण तेवढ्यावरच निर्णय घेतात. मूळ सूचनेचा उल्लेख ठेवला, तो कायद्याच्या दृष्टीने सूचना तीच आहे म्हणून. माझा संदेश हा तिचा निरोप्या. या वेळी ग्रुपवर टाकण्याआधी तो मी स्वतःलाच पाठवला आणि दोन फोनांवर पाहिला. टंकताना चौकटीतच अक्षर ठळक झालेले दिसते, तरी ओळ कोठे मोडते आणि उद्धृत कसे दिसते हे पाठवल्यावरच नीट कळते. ग्रुपवर गेलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत सुधारता येतो हे खरे, परंतु त्यावर "संपादित" अशी पाटी लागते आणि आमच्याकडे ती पाटी पाहून नेमके काय बदलले याची चौकशी करणारे सभासद आहेत.

संदेश लोकांनी वाचला. पाचव्या मजल्यावरच्या काकांनी अंगठा दाखवला आणि पाहुण्यांच्या वाहनांबद्दल दोन लेखी प्रश्नही आले. सचिवकाका तर इतके खूश झाले की हाच मजकूर लिफ्टमध्येही लावावा, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी तो व्हॉट्सॲपमधून उचलला, संगणकावर चिकटवला, मोठ्या अक्षरात छापला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टच्या आरशाशेजारी लावला. संदेश असा उचलला की त्यातल्या खुणाही सोबत येतात आणि कागदाला त्यांचा अर्थ कळत नाही. मी दूध आणायला निघाले तेव्हा आठ चांदण्या आणि एक `>` माझ्यासमोर होते. पिशवीत पेन होते. तळमजला येईपर्यंत मी सहा चांदण्या खोडल्या आणि उरलेल्या परत वर जाताना.