चार व्हेरिएबल, एक मक्स: B भोवती फोडलेलं फंक्शन

मागच्या नोंदीतलं चार व्हेरिएबलचं फंक्शन आता ब्रेडबोर्डवर चालतंय. त्याला लागलं काय, तर एक टू-टू-वन मल्टिप्लेक्सर, एक एक्सॉर गेट आणि एक अँड गेट. फंक्शन असं (A सर्वात वरचा बिट):

```
F(A,B,C,D) = Σm(1, 2, 9, 10, 13, 15)
F = B'C'D + B'CD' + ABD
```

दुसरी ओळ के-मॅपमधून आली. ती जशीच्या तशी बांधायची तर तीन इन्व्हर्टर, तीन इनपुटचे तीन अँड आणि वर एक ऑर. त्याऐवजी मी शॅनन एक्सपान्शन वापरलं. नाव शॅननचं आहे, १९३८च्या त्याच्या रिले सर्किटवरच्या लेखामुळे. पण सूत्र बूलने १८५४मध्येच मांडलं होतं.

```
F = B'·F(B=0) + B·F(B=1)
```

म्हणजे B शून्य असताना ट्रूथ टेबलचा एक अर्धा भाग लागू, B एक असताना दुसरा. मक्सही नेमकं हेच करतो, म्हणून B थेट सिलेक्टला जातो आणि दोन्ही अर्ध्या भागांची फंक्शन्स दोन इनपुटना.

खरा प्रश्न आहे तो B का, A का नाही? टेबलमध्ये A पहिला म्हणून बरेच जण A भोवतीच फोडतात. तसं करून पाहिलं की हे मिळतं:

```
A=0:  B'(C⊕D)
A=1:  B'(C⊕D) + BD
```

तोच तुकडा दोन्हीकडे आला. कारण सोपं आहे: के-मॅपच्या पहिल्या दोन टर्ममध्ये A नाहीच, त्यामुळे त्या दोन्ही बाजूंना जशाच्या तशा उतरतात. शिवाय A कुठेही उलटा येत नाही, म्हणून A=0 कडे वेगळं असं काही उरत नाही. B मात्र तिन्ही टर्ममध्ये आहे, दोनदा उलटा आणि एकदा सुलटा, त्यामुळे प्रत्येक टर्म एकाच बाजूला जाते:

```
B=0:  C⊕D
B=1:  A·D
```

C आणि D भोवतीही मी कागदावर फोडून पाहिलं. दोन्हीकडे गेट जास्त लागतात. म्हणून जो व्हेरिएबल जास्तीत जास्त टर्ममध्ये आणि दोन्ही रूपांत दिसतो, तो आधी तपासावा. दरवेळी तोच जिंकेल असं नाही, पण सुरुवात तिथून करणं फायद्याचं.

चिप्स लॅमिंग्टन रोडवरून आणल्या: 74HC157, 74HC86 आणि 74HC08. 157 मध्ये चार मक्स असतात, त्यातला पहिला वापरला. B पिन १ वर, एक्सॉरचं आउटपुट पिन २ वर, अँडचं पिन ३ वर, आणि F पिन ४ वर. पिन १५ हा एनेबल, तो ग्राउंडला बांधायलाच हवा; मोकळा ठेवला तर आउटपुटचा भरवसा नाही. न वापरलेल्या गेटची इनपुटही ग्राउंडला, कारण सीमॉसची इनपुट लटकती ठेवायची नसतात.

सोळाही ओळी तपासायच्याच, पण आधी दोन पुरतात. 0001 ला एलईडी लागला पाहिजे आणि 0101 ला विझला पाहिजे. नेमकं उलट झालं, तर पिन २ आणि ३ची अदलाबदल झाली आहे.

आता यातली बारीक गोष्ट. A=1, C=0, D=1 ठेवा. एक्सॉर १ देतो, अँडही १ देतो, त्यामुळे B बदलला तरी F १ वरच राहायला हवा. पण मक्सच्या आत B आणि उलटा B असे दोन रस्ते असतात. B १ वरून ० वर येताना एक रस्ता बंद होतो आणि दुसरा किंचित उशिरा उघडतो. तेवढ्यात F काही नॅनोसेकंद खाली घसरू शकतो. एलईडीवर हे कधीच कळणार नाही. B ला ऑसिलेटरमधून स्क्वेअर वेव्ह देऊन F स्कोपवर पाहिला, की सरळ रेषेतून खाली गेलेलं बारीक टोक शोधता येतं. एलईडी लावायला याने काही बिघडत नाही. F एखाद्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकला जोडणार असाल तर मात्र खोटा पल्स मोजला जाईल.

उपाय मला फार आवडला, कारण एक ऑर सोडला तर सामान बोर्डवर होतंच. दोन्ही बाजूंची आउटपुट्स 08 मधल्या रिकाम्या अँडला दिली की मिळतं:

```
(C⊕D)·(A·D) = A·C'·D
```

के-मॅपमध्ये मिनटर्म 9 आणि 13 यांना जोडणारी, मिनिमायझेशनमध्ये गळालेली टर्म ती हीच. 74HC32 मधल्या एका ऑरने ती मक्सच्या आउटपुटला जोडली. फंक्शन बदलत नाही, पण B बदलतानाही ऑरचं एक इनपुट १ वर टिकून राहतं.

हे संरक्षण फक्त B एकटा बदलतो तेव्हाचं. B=0 असताना C आणि D एकाच वेळी बदलले, म्हणजे 01 वरून 10 वर गेले, तर मधल्या क्षणी एक्सॉरला 00 किंवा 11 दिसू शकतं आणि F खाली येतो. ते फंक्शनमध्येच आहे, कितीही गेट वाढवले तरी जात नाही. तिथे F स्थिर झाल्यावरच क्लॉकने पकडावा लागतो.