आमची वाटचाल : खुर्चीमागे आठ रुपये आणि त्यापुढचा हिशोब

सोलापुरात मंडप आणि बिछायतीचा धंदा करणाऱ्याला भाव सांगता येतो, पण हिशोब सांगता येतोच असे नाही. आमच्या वडिलांनी पितळी पातेली, सतरंज्या आणि बांबूंवर सुरू केलेले हे दुकान आज लोखंडी पाईप, फायबरच्या खुर्च्या, कूलर आणि स्टेजच्या सजावटीपर्यंत आले आहे. मधली बरीच वर्षे बरी गेली, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते ज्या दोन लग्नसराईंनी आमचे दुकान बंद पडायची वेळ आणली त्यांच्याविषयी.

आमच्याच रस्त्यावर एक नवे बिछायत केंद्र उघडले. त्यांनी खुर्ची पाच रुपयांना आणि ताट दोन रुपयांना लावले, शिवाय 'वाहतूक आणि मजुरी त्यातच' असे तोंडी सांगायला सुरुवात केली. आमचा भाव खुर्चीला आठ आणि ताटाला चार असून टेम्पो, मजुरी आणि तूटफूट हे तिन्ही कागदावर वेगवेगळे लिहिलेले असत. आमचा कागद लांब आणि त्यांचा एका ओळीचा, त्यामुळे वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके तिकडे गेली. आम्हाला जनरेटर विकावा लागला, गोदामाचे भाडे थकले आणि आमचा मुकादमही जास्त रोजावर त्यांच्याकडे गेला. ज्यांच्या घरची बारशीसुद्धा आमच्या जाजमांवर झाली, त्यांनी साधी विचारपूस केली नाही, याचे शल्य अजून आहे.

वाहतूक वस्तूच्या भावात का मिसळू नये, हे तेव्हा आम्ही प्रत्येकाला समजावून सांगत होतो. टेम्पो माल घेऊन जातो आणि रिकामा परततो, कार्य झाल्यावर पुन्हा रिकामा जातो आणि माल घेऊन येतो, म्हणजे एका कार्याला चार फेऱ्यांचे डिझेल लागते. खुर्च्या शंभर असोत की चारशे, अंतर तेवढेच राहते. तो खर्च खुर्चीच्या भावात घातला, तर सोलापुरातच सात रस्त्याजवळ कार्य करणाऱ्याच्या खिशातून मंगळवेढ्याच्या मांडवाचे भाडे जाते आणि लांबच्या थोड्या मालाच्या कामात मालक बुडतो. जो बुडू इच्छित नाही, तो ती रक्कम शेवटी दुसऱ्या कोणत्या तरी नावाने वसूल करतो.

हे आमच्या बोलण्याने कोणाला पटले नाही, ते पटवले मंगळवेढ्याकडच्या एका सेवानिवृत्त गुरुजींनी. त्यांच्या मुलीचे लग्न भावकीच्या आग्रहाने त्या केंद्राकडे गेले. पुढच्या वर्षी मुलाच्या लग्नासाठी ते स्वतः आमच्याकडे आले आणि यादी तीच ठेवली : चाळीस बाय साठ फुटांचा मंडप, 400 खुर्च्या, 500 ताटे आणि 20 जाजमे. कार्य उरकल्यावर त्यांनी दोन्ही बिले आमच्या गोदामातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

त्या केंद्राने मंडप चौरस फुटाला पाच रुपये आणि जाजम चाळीस रुपये धरून वस्तूंचे 15,800 रुपये सांगितले होते. शेवटच्या बिलात 'डिझेल' म्हणून 7,500 आणि मांडव रात्री उतरवला म्हणून 'रात्रपाळी'चे 8,000 वाढले. त्यावर फुटलेल्या 14 खुर्च्यांचे प्रत्येकी 650 आणि न सापडलेल्या 30 ताटांचे प्रत्येकी 180 लावले. एकूण 45,800 झाले.

आमच्याकडे मंडप चौरस फुटाला सहा आणि जाजम साठ रुपये, म्हणून वस्तूंचे 20,800 झाले. आयशर आणि छोटा हत्ती मिळून जाण्याची एक आणि आणण्याची एक अशा दोन खेपांचे 6,000 झाले. उभारणीला सहा आणि उतरवायला चार माणसे प्रत्येकी 700 रुपये रोजाने लावली, त्यांचे 7,000. हे 33,800 रुपये गुरुजींना बयाणा देतानाच ठाऊक होते. पुढे सहा खुर्च्या फुटलेल्या आल्या, त्यांतल्या तीनच खुर्च्यांचे प्रत्येकी 250 रुपये घेतले आणि 22 ताटे कमी भरली, त्यांचे 120 प्रमाणे 2,640. एकूण 37,190 झाले. कर दोन्हीकडे वगळला आहे.

सहापैकी तीनच खुर्च्यांचे पैसे का, असे गुरुजींनी विचारले, तेव्हा आम्ही त्यांना खुर्च्या उलट्या करून दाखवल्या. उन्हात वर्षे काढलेल्या खुर्चीवरून हात फिरवला, तर तळव्याला पांढरी भुकटी लागते. तिची चीर मागच्या पायाच्या सांध्यापाशी असते आणि चिरेत जुना मळ बसलेला असतो. ती खुर्ची आमच्याकडूनच अर्धी मोडून गेलेली असते, तिचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेणे म्हणजे आपली झीज त्याच्या माथी मारणे होय. ताजी तूट मात्र आतून स्वच्छ आणि कडेला पांढुरकी दिसते. अशा खुर्चीलाही पहिल्या वर्षीच पूर्ण किंमत लागते, नंतर निम्मी, आणि तीन वर्षांनंतर आम्ही काहीच घेत नाही. ताटाचे तसे नसते. स्टीलचे ताट फुटत नाही, ते उष्ट्यासोबत उकिरड्यावर जाते किंवा भावकीच्या घरी राहते, म्हणून त्याला पूर्ण भरपाई लागते.

मजुरीबद्दल लोक सर्वांत जास्त घासाघीस करतात आणि तिथेच सर्वांत मोठा धोका असतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उन्हाळ्यात खुंटी घट्ट बसल्यासारखी वाटते, पण वळवाची एक सर पडली की तीच माती लोण्यासारखी सुटते. वाऱ्याने कनात फुगली की सगळा ओढा त्या खुंट्यांवर येतो. म्हणून अशा जमिनीत आम्ही लांब खुंट्या तिरप्या ठोकतो, कोपऱ्यांना वाळूची पोती बांधतो आणि छताला उतार ठेवतो, नाहीतर कापडात पाणी साचून मधला पाईप वाकतो. हे काम चार माणसांत होत नाही. सहा माणसांचा रोज न देणाऱ्याने मांडव उभा राहण्याची हमीही मागू नये.

गुरुजींनी दोन्ही बिले बरेच दिवस पिशवीत बाळगली आणि ज्याच्या घरी लग्न ठरले असेल त्याला दाखवली. त्यांच्या पंचक्रोशीतली कामे आमच्याकडे परत आली ती त्या पिशवीमुळे, आमच्या कोणत्याही जाहिरातीमुळे नव्हे.

कोणी विचारलेले नाही, तरी नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांना सांगतो. माल देताना आणि घेताना गिऱ्हाइकाच्या माणसासमोर मोजावा, खुर्च्या वीसच्या आणि ताटे पंचवीसच्या गड्डीने, आणि चलनावर दोन्ही वेळा त्याची सही घ्यावी. परतीची मोजणी गोदामात आणून कधीही करू नये, कारण तिथे निघालेली तूट कोणी मान्य करत नाही आणि करूही नये. हळदीचा डाग पडलेल्या जाजमाची भरपाई लगेच मागू नये. साबण लावल्यावर तो डाग लाल होतो म्हणून घाबरू नये. पाण्याने खळखळून जाजम कडक उन्हात टाकले, तर तो बराचसा उडतो, आणि सोलापुरात उन्हाची कमतरता नाही. होमाच्या ठिणगीने पडलेल्या भोकाची कड मात्र वितळून कडक झालेली असते. ते उंदराचे भोक नव्हे, त्याचे पैसे घ्यावेत.

ते केंद्र अजून चालते आहे. अलीकडे त्यांच्याही कागदावर वाहतूक, मजुरी आणि तूटफूट असे तीन रकाने आले असून ओळींचा क्रमसुद्धा आमच्याच कागदासारखा आहे. खुर्ची तिथे आता नऊ रुपयांना मिळते.