वीस तारखेला किती पैसे लागणार?

मार्च 2024 चा दुसरा सोमवार होता. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशिनिंगच्या वर्कशॉपचे मालक टेबलापाशी येऊन म्हणाले, "ताई, वीस तारखेपर्यंत कोणाकोणाला किती द्यावे लागतील, तेवढं सांगा." मी टॅलीतून देण्यांचा एजिंग रिपोर्ट काढून दिला. तो पाहून ते म्हणाले, "हे किती जुनं आहे ते कळलं. द्यायचं कधी?"

त्यांचं बरोबर होतं. आमचा रिपोर्ट बिलाच्या तारखेपासून 0 ते 30, 31 ते 60 असे कप्पे पाडायचा. स्टीलवाल्या व्यापाऱ्याची उधारी 21 दिवसांची, कास्टिंगवाल्यांची 30 आणि प्लेटिंगच्या जॉबवर्कची 60. वीस दिवसांपूर्वीचं बिल तिघांचंही पहिल्याच कप्प्यात पडायचं. प्रत्यक्षात स्टीलचे पैसे उद्या द्यायचे असत आणि प्लेटिंगचे चाळीस दिवसांनी.

म्हणून बिलं आणि पेमेंट एक्सेलमध्ये वेगवेगळ्या शीटवर घेतली. बिलांच्या शीटवर पुरवठादार, बिल नंबर, बिलाची तारीख, उधारीचे दिवस आणि रक्कम असे पाच रकाने होते. त्यापुढे देय तारीख, बाकी आणि उरलेले दिवस यांची सूत्रं घातली. `L1` मध्ये रिपोर्टची तारीख, म्हणजे 11 मार्च. पेमेंटच्या `Payments` शीटवर A मध्ये पुरवठादार, B मध्ये बिल नंबर आणि D मध्ये रक्कम.

```
F2: =C2+D2
G2: =E2-SUMIFS(Payments!D:D,Payments!A:A,A2,Payments!B:B,B2)
H2: =F2-$L$1
```

बाकी काढताना बिल नंबराबरोबर पुरवठादाराचं नावही जुळवावं लागतं. आमच्याकडे 112 नंबरचं बिल दोघांचं होतं. पहिल्या वेळी मी नुसता नंबर घेतला, तेव्हा एकाचं पेमेंट दोघांच्याही बिलांतून वजा झालं.

मग कप्पे पाडले: मुदत उलटलेली, 0 ते 7 दिवसांत द्यायची, 8 ते 15, 16 ते 30 आणि त्यापुढची.

बेरीज टॅलीतल्या पुरवठादारांच्या शिलकीशी ताडून पाहिली, तर जुळेना. खरा वेळ इथेच गेला. कास्टिंगवाल्यांची तीन बिलं होती: 5 फेब्रुवारीचं 1,80,000, 19 फेब्रुवारीचं 2,10,000 आणि 4 मार्चचं 1,60,000. त्यांना 7 मार्चला 2,00,000 दिले होते, पण व्हाउचरमध्ये मी `Agst Ref` ऐवजी `On Account` ठेवलं होतं. बिल नंबर नसल्यामुळे ते दोन लाख कुठल्याच बिलातून वजा झाले नाहीत. शीटवर 6 मार्चला मुदत संपलेले 1,80,000 थकीत दिसत होते, आणि ते तर आम्ही देऊन बसलो होतो.

त्यांच्या अकाउंटंटना फोन केला. त्यांनी पहिलं बिल पूर्ण भागवून उरलेले 20,000 दुसऱ्यात धरले होते. नाकारलेल्या मालाची आमची 12,000 ची डेबिट नोटही त्यांनी त्याच दुसऱ्या बिलात वळती केली होती. मीही तसंच केलं. दुसऱ्या बिलाचे 1,78,000 उरले, मुदत 20 मार्च. तिसऱ्याचे 1,60,000, मुदत 3 एप्रिल. शिल्लक जुळली.

प्लेटिंगचं 22 जानेवारीचं 95,000 चं बिल 60 दिवसांनी, म्हणजे 22 मार्चला देय दिसत होतं. पण ते युनिट उद्यम नोंदणी असलेलं सूक्ष्म उद्योग आहे. एमएसएमई कायद्याने त्यांना लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि करारच नसेल तर 15 दिवसांत. आमचा माल बिलाबरोबर त्याच दिवशी आला होता, त्यामुळे मुदत 7 मार्चलाच संपली होती. त्यातून त्या आर्थिक वर्षापासून आयकराचं 43B(h) लागू झालेलं. अशी उशिराची रक्कम 31 मार्चपर्यंत दिली नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. अशा पुरवठादारांच्या उधारीच्या रकान्यात मी जास्तीत जास्त 45 च ठेवले, आणि 95,000 थकीत कप्प्यात गेले.

आता 8 ते 15 दिवसांचा कप्पा पाहिला. कास्टिंगचे 1,78,000 वीस तारखेला. स्टीलच्या 28 फेब्रुवारीच्या बिलाचे 1,40,000 त्याच दिवशी. जीएसटीही वीसलाच भरायचा, तो या रिपोर्टमध्ये येतच नाही, म्हणून खाली वेगळी ओळ घातली. तिन्ही मिळून बँकेतल्या पैशांत बसत नव्हते. स्टीलवाले व्यापारी आहेत. 45 दिवसांची ही तरतूद व्यापाऱ्यांना लागत नाही, म्हणून थांबायची विनंती त्यांनाच करायची ठरली. साहेबांनी स्वतः फोन केला आणि त्यांनी 27 तारीख मान्य केली.

प्लेटिंगचे पैसे 12 मार्चला गेले. कास्टिंगचे 18 ला पाठवले, या वेळी `Agst Ref` आणि 19 फेब्रुवारीच्या बिलाचा नंबर घालून, आणि तोच नंबर त्यांच्या अकाउंटंटना मेसेजही केला.