आठ महिने बंद असलेलं बाथरूम

डोंबिवलीतली चार मजली, तीसेक वर्षांची इमारत. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या जोडप्याने मला प्लंबर म्हणून सोबत नेलं होतं. बाथरूममध्ये नव्या टाइल्स, सगळं ठणठणीत कोरडं. ताई खूश होत्या. मला तो कोरडेपणाच खटकला. घर आठ महिने बंद होतं. पाणीच पडलं नाही, तर ओल दिसणार कुठून?

आधी बाथरूमच्या पलीकडची बेडरूमची भिंत बघितली. खालच्या दोन फुटांचा रंग बाकीच्या भिंतीपेक्षा ताजा होता. मालकांना विचारून कोपरा खरवडला, तर आत पांढरा खार.

दारापाशी दोन तांबे पाणी ओतलं. ते सांडपाणी वाहून नेणाऱ्या जमिनीतल्या नहाणी ट्रॅपकडे न जाता कमोडच्या मागे साचलं. जुनी लादी न काढता तिच्यावरच टाइल्स चढवल्या होत्या. त्यामुळे बाथरूम खोलीच्या जवळजवळ सपाटीला आलं होतं आणि जेमतेम असलेला उतारही गेला होता.

मग नळ. पंधरा लिटरची बादली भरायला स्वयंपाकघरात सव्वा मिनिट, इथे चार मिनिटं. नळाची जाळी काढून धुतली, तरी फरक नाही. टाकी एकच, मजला एकच, म्हणजे कमी दाबाचा दोष टाकीचा नव्हे. अँगल कॉक खोलला तर गंजाचे पापुद्रे हातात आले. भिंतीतली जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची पाइपलाइन आतून भरत आली होती. असा पाइप बाहेरून कितीही रंगवा, आतली वाट मोकळी होत नाही.

राहिला मुख्य प्रश्न, पाणी झिरपतं कुठून? खालच्या काकूंना आधी सांगून ठेवलं, कारण थेंब त्यांच्याच डोक्यावर पडणार होते. बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणजे पाइपची गळती हिशोबात येणार नाही. नहाणी ट्रॅप प्लास्टिक आणि चिंध्यांनी घट्ट बुजवला, दारात सिमेंटचा छोटा बांध घातला, इंचभर पाणी साठवलं आणि पातळीवर पेन्सिलची रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांनी, पाणी अर्ध्या इंचाने उतरलं होतं. वाफ होऊन एवढं जात नाही. काकूंच्या छतावर ट्रॅपच्या बरोबर खाली ताटाएवढा काळपट डाग पडला होता. "आठ महिने सुखात होते हो," काकू म्हणाल्या, "आधी इथे कायम बादली ठेवावी लागायची."

पाणी ट्रॅपच्या सांध्यातून जात होतं, त्याला वरून सिमेंट भरून भागलं नसतं. टाइल्स, खालची लादी आणि कोबा फोडून ट्रॅप बदलायचा, नव्याने वॉटरप्रूफिंग करून उतार द्यायचा आणि त्याच वेळी पाइपलाइन न गंजणाऱ्या सीपीव्हीसी प्लास्टिकची करायची, असं मी कागदावर लिहून दिलं. दादांनी तो कागद मालकांपुढे ठेवला. टोकन तोवर दिलेलं नव्हतं.