गटावरचा मेसेज आणि नोटीस फलकावरचं मराठी: माझा अनुभव

एका शब्दासाठी नोटीस अडवून धरणं म्हणजे काय, ते मी पाहिलंय. तो शब्द होता 'एअर व्हॉल्व्ह'.

वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेत मी लिखापढीचं काम बघतो. नदीवरच्या जॅकवेलपासून वरच्या शिवारापर्यंत पाईपलाईन आहे आणि सभासदांना पाळीनं पाणी मिळतं. पंप ऑपरेटर तात्या व्हॉट्सॲप गटावर लिहितात आणि त्याची नोटीस मी करतो. त्या दिवशीचा त्यांचा मेसेज असा होता:

"गुरुवारी 8 ते 2 लाईन बंद. मेन लाईनला लीकेज हाय. लाईनमध्ये असलेल्यांनी शुक्रवारी ॲडजस्ट करा. व्हॉल्व्ह क्लोज ठेवा, एअर व्हॉल्व्हला टच करू नका."

यात 'लाईन' तीनदा आहे आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा. पहिली लाईन विजेची की पाण्याची, हे मेसेजवरून कळत नाही. मी फोन लावला तर तात्या म्हणाले, "लाइट असणार की! मोटर बंद ठेवायची." म्हणजे 'वीजपुरवठा बंद' लिहिलं असतं तर स्वतःच्या विहिरीवर मोटर असलेले शेतकरीही उगाच थांबले असते. दुसरी लाईन म्हणजे मुख्य जलवाहिनी आणि तिसरी म्हणजे पाळी. असा अनेकार्थी शब्द नोटिशीत ठेवायचाच नाही. तो इंग्रजी आहे म्हणून नव्हे. वाचणारा आपल्याला सोयीचा अर्थ घेतो म्हणून.

क्रियापदांना वेळच लागला नाही. क्लोज, टच, ॲडजस्ट यांना रोजचे मराठी शब्द आहेतच. घोडं अडलं ते नामांवर.

मसुदा एका संचालकांकडे गेला आणि लाल शाईनं परत आला. 'व्हॉल्व्ह' खोडून 'झडप', 'एअर व्हॉल्व्ह' खोडून 'वायुझडप'. नोटीस शुद्ध मराठीतच हवी, हा त्यांचा आग्रह. मी कारण लिहून परत पाठवला, तो पुन्हा तसाच आला. बुधवार निम्मा सरला तरी फलक कोरा होता आणि गुरुवारी पाळी असलेल्यांचे फोन मलाच येत होते. मला अजूनही त्याचा राग आहे. शब्द शुद्ध झाला आणि माणसाला कळलंच नाही, तर ती नोटीस कुणासाठी?

एअर व्हॉल्व्ह जलवाहिनीच्या उंचवट्यांवर असतो. पंप सुरू झाला की पाईपमधली हवा त्यातून बाहेर पडते. पंप थांबून पाणी मागं उतरलं की त्यातूनच हवा आत येते, म्हणजे पाईपमध्ये निर्वात पोकळी होत नाही. कधी त्यातून पाणी उडतं, आणि ज्याच्या द्राक्षबागेत उडतं तो खालचा कॉक आवळून टाकतो. मग उंचवट्यावर हवा कोंडते आणि शेवटच्या सभासदाला पाणी कमी पडतं. कॉक आवळणारा हाच माणूस नोटिशीचा खरा वाचक. 'वायुझडप' त्यानं कधी ऐकलेली नाही. दुकानात, फिटरच्या तोंडी, संस्थेच्या बिलात सगळीकडे एअर व्हॉल्व्हच.

शेवटी मी मसुदा घेऊन संचालकांच्या घरी गेलो. त्यांचा वाटेकरी गोठ्यात होता. मी त्याला विचारलं, "मामा, वायुझडप कुठाय आपल्या रानात?" तो म्हणाला, "झडप? पत्र्याच्या शेडला हाय एक." संचालकांनी काही न बोलता सही केली. मला केवढं हायसं वाटलं! फलकावर लागलं ते असं:

"मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी सकाळी 8 ते दुपारी 2 या वेळेत संस्थेचा पाणीपुरवठा बंद राहील. या वेळेतील पाळ्या शुक्रवारी त्याच क्रमाने दिल्या जातील. सभासदांनी आपापल्या चेंबरमधील व्हॉल्व्ह बंद ठेवावेत. एअर व्हॉल्व्हखालील कॉक मात्र कोणीही बंद करू नये."

'चेंबरमधील' मी मुद्दाम घातलं. नुसतं 'व्हॉल्व्ह बंद ठेवा' म्हटलं तर सापडेल तो व्हॉल्व्ह बंद होतो.

एक सांगायचं राहिलं. कागद कुणाकडे जाणार, ते आधी बघा. गावात 'डीपी जळाली' म्हणतात आणि सभासदांच्या नोटिशीत मी 'डीपी'च ठेवतो. महावितरणला अर्ज करताना मात्र 'रोहित्र' लिहितो, कारण त्यांच्या मराठी कागदांत तोच शब्द असतो. बिलाचं 'देयक', लोडचं 'मंजूर भार' हेही तसंच. एचपीच्या जागी 'अश्वशक्ती' आता सभासदांनाही चालतं. 2024 च्या मोफत वीज योजनेत '7.5 अश्वशक्तीपर्यंत' हे त्यांनी इतकं वाचलंय की अर्थ विचारावा लागत नाही. स्टार्टर, फेज, फ्यूज, कपॅसिटर यांना मी हात लावत नाही. फक्त स्पेलिंग एकच ठेवतो. एका ओळीत 'वॉल' आणि दुसऱ्या ओळीत 'व्हॉल्व्ह' आलं की भिंतीबद्दल विचारणारा फोन येतोच.